उशिराची क्षमा मागताना : ग्राहकास पाठवायचा दिलगिरीचा ई-मेल



व्यावहारिक पत्रलेखनाच्या मागील पाठात आपण चौकशीपत्र आणि मागणीपत्र यांचा विचार केला. त्या पत्रांत लिहिणाऱ्याची बाजू भक्कम असते. त्याला काही हवे असते आणि तो ते मागतो. दिलगिरीच्या पत्रात हे उलटते. पैसे ग्राहकाने भरलेले असतात, शब्द आपण दिलेला असतो आणि तो पाळला गेलेला नसतो. अशा वेळी मराठीतील कोणते क्रियापद निवडावे, कोणता विभक्तिप्रत्यय लावावा, ‘आपण’ हे सर्वनाम कोठे टाळावे, हे प्रश्न केवळ व्याकरणाचे राहत नाहीत.

उदाहरणादाखल एक परिस्थिती घेऊ. कोल्हापुरातील एका चप्पल-विक्रेत्याकडे नागपूरच्या एका ग्राहकाने 1 जुलै रोजी कापशी चपलेची मागणी नोंदवली आणि पूर्ण रक्कम भरली. चप्पल 12 जुलैपर्यंत मिळेल, असे विक्रेत्याने कळवले. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले असते आणि ते पुरते वाळावे लागते. जुलैच्या झडीत ते वाळले नाही. ओल्या तळावर शिवण घातली, तर तळ वाळताना आक्रसतो आणि शिवण सैल पडते; म्हणून कारागिराने काम थांबवले. 12 तारीख उलटली. 14 तारखेस दुकानातून पुढील ई-मेल गेला, असे समजा :

विषय : दिलगिरी
सर, आपल्या ऑर्डरला काही तांत्रिक कारणांमुळे उशीर झालेला आहे. आपली काही गैरसोय झाली असल्यास आम्ही क्षमस्व आहोत. लवकरात लवकर आम्ही आपली चप्पल पाठवू. आपण सहकार्य कराल अशी अपेक्षा आहे.

वरवर पाहता हे पत्र सभ्य आहे. त्यात एकही कठोर शब्द नाही. तरीही ते वाचून ग्राहकाचा राग वाढण्याचीच शक्यता अधिक. ती का, हे क्रमाने पाहू.

प्रथम ‘उशीर झालेला आहे’ ही रचना पाहा. मराठीत ‘उशीर होणे’ आणि ‘उशीर करणे’ अशी जोडी आहे. ‘उशीर झाला’ म्हटले की वाक्यात कर्ता उरत नाही. पाऊस पडावा तसा उशीर झाला, असा भाव येतो. ‘आम्ही उशीर केला’ असे म्हटले, तर जबाबदारी येते खरी, पण ‘करणे’ या क्रियापदात हेतूची छटा असल्याने मुद्दाम किंवा बेफिकिरीने केला, असा अर्थ डोकावतो. एका टोकाला जबाबदारी झटकणे आणि दुसऱ्या टोकाला नसलेला अपराध ओढवून घेणे, अशी ही अडचण आहे. मराठीने यातून एक सुरेख वाट काढलेली आहे : ‘आमच्याकडून उशीर झाला’. येथे क्रियापद ‘होणे’ हेच राहते, त्यामुळे हेतू नव्हता हे कळते. ‘-कडून’ या शब्दयोगी अव्ययामुळे तो कोणाच्या हातून झाला हेही कळते. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे वाक्य आपण घरीदारी सहज बोलतो. कार्यालयीन लेखनात मात्र ते का आटते, याचा विचार करण्यासारखा आहे.

अर्थात, ‘-कडून’ सर्वत्र शोभेल असे नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. त्या दिवसांत कोल्हापुरातून निघालेले पार्सल अडकले असेल, तर ‘आमच्याकडून उशीर झाला’ हा खोटा विनय ठरला असता. तेथे ‘महामार्ग बंद असल्याने पार्सल कोल्हापुरातच अडकले आहे’ असे सरळ विधान करावे. आपल्या उदाहरणात तशी स्थिती नाही. कोल्हापुरात जुलैमध्ये पाऊस असतो, हे विक्रेत्याला ठाऊक होते. तारीख देताना त्याने तो हिशेब धरला नाही. म्हणून पाऊस हे उशिराचे कारण आहे, पण चूक तारीख देण्यात झालेली आहे; पत्रात या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ या शब्दांत त्या दोन्ही बुडून जातात. शिवाय चपलेच्या तळाला कसले आले आहे तांत्रिक कारण!

आता ‘आम्ही क्षमस्व आहोत’. हा प्रयोग इतका रूढ होत चालला आहे की, तो अनेकांना खटकतही नाही. ‘क्षमस्व’ हे नाम नाही आणि विशेषणही नाही. ते संस्कृतातील ‘क्षम्’ धातूचे आज्ञार्थी द्वितीयपुरुषी एकवचन आहे. त्याचा अर्थ ‘क्षमा कर’. तेव्हा ‘आम्ही क्षमस्व आहोत’ याचा शब्दशः अर्थ ‘आम्ही क्षमा कर आहोत’ असा होतो. रस्त्याच्या फलकावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे सुटे लिहिलेले चालते, कारण तेथे ते संपूर्ण वाक्याचे काम करते.

‘क्षमस्व’ऐवजी काय लिहावे, हे ठरवताना शब्दांतील एक भेद लक्षात ठेवावा. ‘क्षमा’ किंवा ‘माफी’ मागितली जाते. ती देणे न देणे समोरच्याच्या हाती असते. ‘दिलगिरी’ आणि ‘खेद’ हे आपल्या मनाची अवस्था सांगतात. त्यांत समोरच्याकडे मागणे नसते. यांपैकी ‘खेद’ सर्वांत दूरचा आहे; ज्यात आपला हात नाही अशा गोष्टीचाही खेद व्यक्त करता येतो. फारसीतून आलेला ‘दिलगीर’ व्यापारी पत्रव्यवहारात उत्तम रुळला आहे. माझ्या मते, झालेल्या उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करावी आणि जी चूक निःसंशय आपली आहे तिच्यासाठी क्षमा मागावी. दोन्ही शब्द एकाच वाक्यात कोंबले, तर दोघांचाही जोर जातो. (लेखनाविषयी एक सूचना : ‘दिलगीर’ मधील ‘गी’ दीर्घ, ‘दिलगिरी’ मधील ‘गि’ ऱ्हस्व. उत्तरपत्रिकांत हे हमखास चुकते.)

याहून अधिक नुकसान ‘असल्यास’ हा शब्द करतो. ‘गैरसोय झाली असल्यास’ असे लिहिताच दिलगिरी सशर्त होते : गैरसोय झाली असेल तर दिलगीर आहोत, झाली नसेल तर नाही. पैसे भरून चपलेची वाट पाहणाऱ्याची गैरसोय झालेलीच आहे. ज्याची खात्री आहे, तेथे संकेतार्थ वापरू नये. ‘सहकार्य कराल अशी अपेक्षा आहे’ या वाक्याचेही तसेच. सहकार्य न करणारा ग्राहक जणू आधीच दोषी ठरतो. अपेक्षा करण्याचा अधिकार या क्षणी ग्राहकाचा आहे.

‘आम्ही आपली चप्पल पाठवू’ हे वाक्य वेगळ्या कारणाने अडखळवते. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघे. शिवाय ‘आपला’ हे स्ववाचकही आहे. ‘त्याने आपले पुस्तक दिले’ म्हणजे स्वतःचे दिले. त्यामुळे कर्ता ‘आम्ही’ असताना ‘आपली चप्पल’ म्हटले की, आमचीच चप्पल असा अर्थ क्षणभर मनात येतो. उपाय सोपा आहे : ‘आपण मागवलेली चप्पल’ असे लिहावे. पत्राला ‘आपण’ने सुरुवात केल्यावर मध्येच ‘तुम्ही’वर येऊ नये. ‘तुम्ही’ अनादराचे आहे असे नव्हे. कोल्हापूरच्या दुकानात ते आदराचेच असते. पण पत्राच्या मध्यात सर्वनाम बदलले, तर लिहिणाऱ्याचा सूर बदलल्यासारखे वाटते.

संबोधनाचे काय? ‘सर’ लिहिताना ग्राहक पुरुष आहे हे गृहीत धरले गेले. ‘सौ.’ लिहिल्यास विवाहित असल्याचे गृहीत धरले जाते, आणि ‘श्रीमती’ हे सर्व स्त्रियांसाठी वापरता येत असले, तरी अनेक घरांत त्याचा अर्थ विधवा असाच घेतात. ज्या पत्रात आधीच एक चूक निस्तरायची आहे, तेथे दुसरी कशाला? मागणीत ग्राहकाने जसे नाव दिले असेल तसे पूर्ण नाव लिहून पुढे ‘यांस’ जोडावे.

उरली तारीख. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. चामडे वाळण्यास आणखी पाच दिवस, शिवण व अखेरचे हातकाम यांसाठी दोन दिवस, म्हणजे 21 जुलै. 22 तारखेस रवानगी. नागपूरपर्यंत कुरिअरचे साधारण तीन दिवस. यांतील रवानगी विक्रेत्याच्या हाती आहे, म्हणून तेथे निश्चित भविष्यकाळ वापरावा. पोहोचणे कुरिअरवर अवलंबून आहे, म्हणून तेथे अंदाज हा शब्द प्रामाणिकपणे लिहावा. पुन्हा चुकलेली तारीख पहिल्या उशिरापेक्षा महाग पडते.

आता सुधारलेले पत्र वाचा.

विषय : मागणी क्र. 118, कापशी चप्पल : उशीर व पाठवण्याची नवी तारीख

(ग्राहकाचे पूर्ण नाव) यांस,
सप्रेम नमस्कार.
आपण 1 जुलै रोजी मागवलेली चप्पल 12 जुलैपर्यंत देण्याचे आम्ही मान्य केले होते. ती अद्याप तयार झालेली नाही. या उशिराबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
सततच्या पावसामुळे तळाचे चामडे पुरते वाळलेले नाही. ओल असताना शिवल्यास पुढे शिवण सैल पडते, म्हणून काम थांबवले आहे. पावसाचा अंदाज घेऊन तारीख देण्यात आमच्याकडून चूक झाली आणि 12 तारखेपूर्वी आपणांस कळवायचेही राहून गेले. याबद्दल क्षमा असावी.
ही चप्पल 22 जुलै रोजी कुरिअरने पाठवू. ती 25 जुलैपर्यंत आपणांस मिळेल, असा अंदाज आहे. तोवर थांबणे सोयीचे नसेल, तर या पत्रास ‘रद्द’ एवढे उत्तर पाठवावे. भरलेली पूर्ण रक्कम परत करू.
आपला नम्र,
(पाठवणाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक)

या पत्रात दिलगिरी एकदा आणि क्षमा एकदाच आलेली आहे, हे ध्यानात घ्या. ‘क्षमा असावी’ या विध्यर्थी रचनेत विनंती आहे. ‘क्षमा करा’ या आज्ञार्थापेक्षा ती मवाळ आहे. ‘पाठवावे’ हेही तसेच. पत्राखाली दुकानाच्या नावाऐवजी माणसाचे नाव आहे, कारण ‘आमच्याकडून’ म्हणणारा कोणीतरी दिसायला हवा.

स्वयं-अध्ययनासाठी

1. वरील मागणीतील चप्पल 10 जुलै रोजीच रवाना झाली होती, परंतु महामार्गावर पुराचे पाणी आल्याने पार्सल अडकले, असे समजून ई-मेल नव्याने लिहा. ‘-कडून’ कोठे राहील आणि कोठे जाईल, ते शेवटी दोन वाक्यांत सांगा.

2. ग्राहकाने ‘रद्द’ असे उत्तर पाठवले आहे. रक्कम परत केल्याचे कळवणारा ई-मेल पाच वाक्यांत लिहा. त्यात पुन्हा दिलगिरी व्यक्त करावी की करू नये, याचे कारण द्या.

3. ‘आम्ही आपले पैसे आपल्या खात्यात जमा केले आहेत’ या वाक्यातील संदिग्धता स्पष्ट करून ते दोन प्रकारे सुधारा.