पोक काढून चालणाऱ्या मुलाची उंची

आईबाबांनो, आपल्या कर्जतमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं ज्या घरात आहेत, तिथे एक आकडा सगळ्यांना पाठ असतो. शिपाई व्हायला मुलाला 165 सेंटिमीटर उंची लागते, मुलीला 155. पोरगा 164 वर अडकला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोक काढून चालतोस म्हणून कमी भरतोस. ताठ राहा, दोन इंच वाढशील." यातलं पहिलं वाक्य खरं असू शकतं. दुसऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका.

पाठीच्या वरच्या भागाला थोडा बाक सगळ्यांनाच असतो, साधारण 20 ते 45 अंशांचा. तो वाढला की मणके तेवढेच राहतात, पण धनुष्य जास्त वाकवल्यावर त्याची दोन टोकं जवळ यावीत तसं होतं. हिशेब करून पाहा. पाठीचा हा भाग 28 सेंटिमीटर लांब धरला आणि बाक 40 अंशांवरून 60 वर गेला, तर सरळ उंचीत फक्त सात मिलिमीटर घटतात. मान पुढे येणं, कंबर ढिली सोडणं, गुडघे किंचित वाकणं हे सगळं त्यात मिळालं की घट एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. उलट, व्यायामाने बाक 50 वरून 40 अंशांवर आला, तर पाठीकडून हाती येतात जेमतेम तीन मिलिमीटर.

म्हणून पट्टा किंवा क्लास यांवर पैसे घालण्याआधी घरीच दोन मापं घ्या. सकाळी उठल्यावर साधारण तासाभराने, अनवाणी, अंबाडा किंवा वेणी सोडून, मुलाला भिंतीला टेकून उभं करा. पहिलं माप तो नेहमी उभा राहतो तसंच. मग टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत हवं, हनुवटी वर नको. खोल श्वास घ्यायला सांगा, डोक्यावर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात टेकवा आणि दुसरं माप घ्या. समजा, पहिलं 163.9 आलं आणि दुसरं 165.2. हा 1.3 चा फरक म्हणजेच ताठ राहून मिळू शकणारी उंची, आणि ती त्याच्या अंगात आजही आहे. दुसरं मापच 163 भरलं, तर पोक घालवून 165 होणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

वेळ सकाळचीच ठेवा. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची एक ते दोन सेंटिमीटर कमी भरते. त्यातली बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. संध्याकाळचं एक माप आणि महिन्याने पहाटेचं दुसरं घेतलं, तर कुठलाही पट्टा गुणकारी वाटेल. शिवाय वाढीच्या वयातलं पोर वर्षाला पाच-सात सेंटिमीटर आपोआप वाढत असतं, आणि त्याचं श्रेय व्यायामाला जातं. पोक खरंच कमी होतोय का, हे त्या दोन मापांमधलं अंतर घटतंय का यावरून कळतं.

आता जास्त महत्त्वाचं. मुलाला पालथं झोपवून हात न टेकता छाती उचलायला सांगा. बाक सपाट झाला, तर तो सवयीचा आहे. भुजंगासन, शलभासन, छातीचे स्नायू ताणणं आणि वही मांडीवर न ठेवता उंच टेबलावर ठेवणं यांनी काही महिन्यांत फरक पडतो. बाक तसाच राहिला, आणि पुढे वाकल्यावर बाजूने पाहताना पाठ गोल न दिसता एका जागी टोक दिसलं, तर मणक्यांची पुढची बाजू मागच्यापेक्षा कमी वाढत असण्याची शक्यता आहे. बारा ते पंधराच्या सुमारास हे सुरू होतं. त्याला "ताठ बस" म्हणून रागावणं अन्यायच, कारण त्याला तसं बसताच येत नाही. हाडांची वाढ चालू असताना डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्याचा उपयोग होतो, वाढ संपल्यावर होत नाही. म्हणून वाट पाहू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बाजूने एक्स-रे काढून घ्या. रात्री पाठ दुखणं, बारीक ताप, वजन घटणं किंवा पायातली ताकद कमी होणं यांपैकी काही असेल, तर त्याच आठवड्यात जा. मणक्याचा क्षय असाही सुरू होतो.

मुलींच्या आयांना एक वेगळं सांगायचं आहे. वयात येताना छाती लपवायला किंवा वर्गात आपणच उंच दिसतो म्हणून मुली खांदे पुढे ओढतात. तिथे व्यायाम पुरत नाही. तिला मापाचे, आधार देणारे आतले कपडे घेऊन द्या, आणि पाहुण्यांसमोर "पोक काढू नकोस" असं म्हणू नका. ती आणखीच आत ओढून घेते.