मिश्र निरोपाचे मराठीकरण

भाचीचा हा निरोप वाचा : ‘आत्या, तुझी अपॉइंटमेंट पोस्टपोन झाली. नेक्स्ट मंडेला लॅबमधून रिपोर्ट कलेक्ट करून ये.’

येथे शब्दास प्रतिशब्द ठेवून भागत नाही. ‘कलेक्ट करून’ हे सगळे ‘घेऊन’ या एका रूपात सामावते. ‘अपॉइंटमेंट’च्या जागी ‘दिवस’ येताच स्त्रीलिंगी ‘झाली’ही बदलावे लागते. ‘लॅब’ आणि ‘रिपोर्ट’ मात्र राहू द्यावेत. आत्याला ‘अहवाल’च अधिक परका वाटेल. खरी अडचण ‘नेक्स्ट मंडे’ची आहे : येणारा सोमवार की त्यापुढचा? हे भाषांतराने सुटत नाही. भाचीला तारीख विचारावी आणि मगच लिहावे :

‘आत्या, तुझ्या भेटीचा दिवस पुढे ढकलला आहे. सोमवारी, १४ तारखेला, लॅबमधून रिपोर्ट घेऊन ये.’