आठशे रुपये कोणाच्या वहीत?

आर्वीतल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेणारा तरुण दिवाणजींसमोर बसला होता.

ठेकेदार : दिवाणजी, डिसेंबर २०२५ चं बिल ८०,००० चं दिलं. खात्यावर ७९,२०० आले. वहीत ७९,२०० च लिहू ना?

दिवाणजी : नाही. तुझी कमाई ८०,००० च आहे. आठशे रुपये आम्ही तुझ्या नावानं सरकारकडे भरतो. एक बिल ३०,००० च्या वर गेलं की कपात करावीच लागते. ठेकेदार एकटा माणूस असेल तर एक टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर दोन.

ठेकेदार : मग तुमच्या वहीत काय लिहिता?

दिवाणजी : बिल खतावलं त्याच दिवशी हमाली खर्च नावे ८०,०००. तुझं खातं जमा ७९,२०० आणि ‘टीडीएस देणे’ जमा ८००. पैसे तुला जानेवारीत दिले, तरी कपात डिसेंबरचीच. ती ७ जानेवारीपर्यंत भरायची. भरली की ‘टीडीएस देणे’ नावे, बँक जमा. खातं शून्यावर येतं. ते आठशे आमचा वेगळा खर्च नव्हेत, ते तुझ्याच ८०,००० तले.

ठेकेदार : आणि माझ्याकडे?

दिवाणजी : बिल दिलंस तेव्हा आमच्या पेढीचं खातं नावे ८०,०००, हमाली उत्पन्न जमा ८०,०००. पैसे आले की बँक नावे ७९,२००, ‘टीडीएस येणे’ नावे ८००, आणि पेढीचं खातं जमा ८०,०००.

ठेकेदार : आठशे खर्चात टाकले तर? गेलेच ना ते.

दिवाणजी : तिथंच बरेच जण फसतात. तो तू आगाऊ भरलेला कर आहे, म्हणून तो ताळेबंदात येण्याच्या बाजूला बसतो. उत्पन्नच ७९,२०० दाखवलंस, तर आयकर खात्याकडच्या २६एएस मध्ये मात्र ८०,००० दिसतील. मग फरकाचा खुलासा मागतात.

ठेकेदार : ते २६एएस कधी बघायचं?

दिवाणजी : ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरण आम्ही ३१ जानेवारीपर्यंत भरतो. फेब्रुवारीत उघड आणि ‘टीडीएस येणे’ खात्याशी एकेक रक्कम ताडून बघ. तुझ्या वहीत आहे आणि तिथं नाही, तर आमच्याकडून भरणा राहिला असेल किंवा पॅनचा एखादा अंक चुकून रक्कम दुसऱ्याच्या नावावर गेली असेल. लगेच सांग. दुरुस्तीचं विवरण आम्हालाच भरावं लागतं, तुला ते करता येत नाही. पॅनच दिला नसतास, तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापावे लागले असते.

ठेकेदार : वर्षाला साडेनऊ लाखांची बिलं होतात. मजुरी वजा जाता अडीच लाखच उरतात. त्यावर कर बसतो का?

दिवाणजी : एवढंच उत्पन्न असेल, तर नाही. पण विवरणपत्र भरल्याशिवाय कापलेले साडेनऊ हजार परत येणार नाहीत. परतावा आला की बँक नावे, ‘टीडीएस येणे’ जमा. त्यावर व्याज मिळालं तर ते मात्र उत्पन्नात दाखव.