विवेचक काढण्याआधी

राशी x च्या प्रत्येक वास्तव किमतीला धन राहण्यासाठी k च्या सर्व किमती काढा, असं गणित दिसलं की हात आपसूक विवेचकाकडे वळतो. दहावीच्या वर्गसमीकरणांपासून b² − 4ac अंगवळणी पडलेलं असतं, आणि सवयीनं काढलेलं उत्तर दिसायलाही नीटनेटकं असतं. अशा गणितांबाबतचा माझा अनुभव असा, की उत्तर क्वचितच सपशेल चुकतं. ते बहुधा एका टोकाला, एकाच संख्येनं तोकडं पडतं. म्हणूनच ती चूक पकडायला अवघड जाते: मधली कुठलीही किंमत घालून ताळा करा, तो जुळतोच.

एक गणित पूर्ण करून पाहू. (k − 2)x² + 2(k − 2)x + 4 ही राशी सगळ्या x साठी शून्यापेक्षा मोठी हवी आहे. नेहमीच्या रीतीनं x² चा सहगुणक धन हवा, म्हणजे k > 2. आणि विवेचक ऋण हवा. विवेचक येतो 4(k − 2)² − 16(k − 2), म्हणजेच 4(k − 2)(k − 6). तो 2 आणि 6 च्या मध्येच ऋण असतो. दोन्ही अटी एकत्र केल्या की उत्तर मिळतं 2 < k < 6, आणि बहुतेक वह्यांत इथंच दुहेरी रेघ ओढली जाते. आता मूळ राशीत k = 2 घाला. पहिली दोन्ही पदं नाहीशी होतात आणि उरतो नुसता 4. तो x काहीही असला तरी धनच. म्हणजे k = 2 उत्तरात असायलाच हवा होता; खरं उत्तर 2 ≤ k < 6. दुसऱ्या टोकाला मात्र तसं नाही. k = 6 घातल्यावर राशी 4(x + 1)² होते आणि x = −1 ला शून्यावर टेकते, म्हणून 6 बाहेर. गंमत अशी की विवेचक दोन्ही टोकांना शून्यच आहे. एकाच शून्याचे हे दोन अर्थ विवेचकाला स्वतःला कळत नाहीत.

का कळत नाहीत, हे विवेचक जिथून आला तिथं जाऊन पाहिलं की उलगडतं. आपल्याकडची जुनी रीत श्रीधराचार्यांची. त्यांचा मूळ ग्रंथ आज हाती नाही, पण भास्कराचार्यांनी बीजगणितात तो नियम उद्धृत केल्यामुळे टिकला. समीकरणाला x² च्या सहगुणकाच्या चौपटीनं गुणायचं आणि मग वर्ग पूर्ण करायचा, म्हणजे अपूर्णांक टळतात. आजच्या चिन्हांत ती रीत अशी दिसते: 4a(ax² + bx + c) = (2ax + b)² − (b² − 4ac). विवेचकाच्या चिन्हावरून आपण जे काही निष्कर्ष काढतो, ते सगळे या ओळीतून निघतात. आता यात a = 0 ठेवा. डावी बाजू शून्य, उजवीकडे b² − b², तेही शून्य. ओळ खोटी ठरत नाही, पण राशीबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही. तेव्हा a शून्य होऊ शकत असेल तिथं विवेचकाला प्रश्न विचारणंच व्यर्थ. ती किंमत वेगळी काढून थेट राशीत घालून पाहणं, एवढाच मार्ग उरतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: k = 2 घेतल्यावर राशी द्विघाती राहतच नाही, मग तिचा विचार कशाला? आक्षेप पोकळ नाही. प्रश्नात ‘वर्गबहुपदी’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर a ≠ 0 ही अट प्रश्नानंच घातलेली असते आणि 2 < k < 6 हेच उत्तर बरोबर ठरतं. पण प्रश्नात नुसती ‘राशी’ किंवा ‘असमानता’ म्हटलं असेल, तर ती अट आपण स्वतःच्या मनानं घातलेली असते. प्रश्न राशीच्या घातांकाबद्दल नाही, ती धन राहते का याबद्दल आहे. शब्द संदिग्ध असतील तर मी उत्तरात 2 घेईन आणि शेजारी कारण लिहीन.

विवेचकाला फाटा देऊनही हेच गणित सुटतं. k − 2 ला m म्हणा. राशी m(x² + 2x) + 4, म्हणजेच m(x + 1)² + 4 − m. इथं x फक्त (x + 1)² मध्ये आहे, आणि तो वर्ग शून्यापासून पुढची कुठलीही किंमत घेऊ शकतो. त्याला t म्हणू. मग प्रश्न एवढाच उरतो: mt + 4 − m ही सरळ रेषा t ≥ 0 च्या सगळ्या टापूत धन कधी राहते? सुरुवातीला, t = 0 असताना, ती धन हवी, म्हणून m < 4; आणि पुढे तिनं खाली उतरता कामा नये, म्हणून m ≥ 0. रेषा आडवी असली तरी चालते, आणि ती आडवी रेषा म्हणजेच आपला हरवलेला k = 2. अर्थात सगळी k एका कंसाबाहेर निघण्याइतकी राशी सोयीची दर वेळी नसते. तेव्हा विवेचकाला पर्याय नाही, हे मलाही मान्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. वरच्या गणितात Δ < 0 एवढ्यावरच 2 < k < 6 मिळालं; k > 2 ही अट वेगळी लिहिली नसती तरी काही बिघडलं नसतं. मग ती लिहायची कशाला? बिघडलं नाही याचं कारण शेवटचा 4 आहे. x = 0 ला राशी 4 होते, आणि वास्तव मूळ नसलेली राशी चिन्ह बदलत नाही, म्हणून ती सगळीकडे धन. शेवटच्या पदातही k आला की हा आधार जातो. kx² + 4x + k घ्या. विवेचक 16 − 4k², तो k > 2 ला ऋण आणि k < −2 लाही ऋण. पण k = −3 घातलं तर x = 0 ला राशी −3 होते; विवेचक ऋण असूनही राशी कायम ऋण. इथं k > 0 ही अट लिहिली नाही, तर अर्धं उत्तर खोटं ठरतं. आणि k = 0 वेगळं तपासलं तर 4x उरतं, तेही बाहेर.

म्हणजे सहगुणक शून्य करणारी किंमत कधी आत येते, कधी बाहेर जाते, ठोकताळा नाही. एकाच राशीत दोन्ही घडतं ते पाहायचं असेल तर (k² − 1)x² + 2(k − 1)x + 1 > 0 सोडवा. विवेचक −8(k − 1) येतो. त्यातून आणि k² − 1 > 0 मधून k > 1 मिळतं. मग k = 1 आणि k = −1 दोन्ही घालून पाहा: पहिल्यात 1 उरतो, दुसऱ्यात −4x + 1. उत्तर k ≥ 1.