घटक : त्रितालाचा दृक्-श्राव्य पाठ – संहितालेखन

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस त्रितालाची रचना हाताने दाखवता येईल, नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी अडीच मिनिटांच्या चित्रफितीची संहिता लिहिता येईल आणि ती योग्य उतरली आहे की नाही, हे पारखता येईल.

प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, गुरूसमोर बसलेल्या शिष्याची टाळी चुकली, तर गुरू त्याला तत्काळ थांबवतात. चित्रफीत पाहून शिकणाऱ्याला थांबवणारे कोणी नसते. म्हणून नवशिका कोठे चुकणार, हे संहिता लिहिणाऱ्याने आधीच ओळखावे लागते.

विषय-विवेचन

१. तालाची रचना
त्रितालात 16 मात्रा असून त्यांचे चार-चार मात्रांचे चार विभाग पडतात. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर काल, म्हणजे खाली असते. पहिली मात्रा ही सम. ठेका असा :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा ।
धा तिं तिं ता । ता धिं धिं धा ।

पडद्यावर चिन्हे दाखवताना पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांची पद्धत सोयीची ठरते. उत्तरायुष्यात नाशिकला वास्तव्य केलेल्या या संगीतप्रसारकाच्या लेखनपद्धतीत समेला 1, कालाला + आणि इतर टाळ्यांना त्या-त्या मात्रेचा अंक लिहितात. म्हणून त्रितालाची चिन्हे 1, 5, +, 13 अशी होतात. टाळी कितव्या मात्रेवर आहे, हे चिन्हच सांगते.

२. नवशिका कोठे चुकतो
पहिली चूक समेची. विद्यार्थी 'सोळा' म्हणून थांबतो आणि आवर्तन संपले असे समजतो. प्रत्यक्षात सोळावी मात्रा आपणांस समेकडे नेते; पुढच्या 'एक'वर टाळी पडली की आवर्तनाचे वर्तुळ जुळते. म्हणून दोन आवर्तने दाखवायची असतील, तर 33 मात्रा म्हणाव्यात आणि शेवटच्या समेवरच थांबावे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. काल नवव्या मात्रेवर असला, तरी त्या मात्रेचा बोल 'धा' हाच आहे. डग्ग्याचा घुमारा दहाव्या मात्रेपासून थांबतो आणि चौदाव्या मात्रेवर परततो. तेराव्या मात्रेवर टाळी असते, पण बोल 'ता' असतो. त्यामुळे केवळ कानावर विसंबणारा विद्यार्थी हात एक मात्रा उशिरा हलवतो. यावर उपाय असा, की आधी अंक व हात यांची जोड पक्की करावी आणि बोल नंतर द्यावेत.

३. संहितेची आखणी
प्रथम 15 सेकंदांत हाताच्या क्रिया दाखवाव्यात. टाळीसाठी तळहातावर तळहात. कालासाठी उजवा हात बाजूला नेऊन तळवा वर. विभागातील उरलेल्या तीन मात्रा अंगठ्याने बोटांवर मोजाव्यात. चित्रचौकटीत दोन्ही हात सतत दिसावेत. काल दाखवणारा हात चौकटीबाहेर गेला, तर पाठाचा गाभाच हरवतो.

त्यानंतर मिनिटाला 40 मात्रांच्या लयीत, अंक म्हणत दोन आवर्तने घ्यावीत. या लयीत एक मात्रा दीड सेकंदाची, म्हणून एक आवर्तन 24 सेकंदांचे होते. मग मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत, अंकांसहच दोन आवर्तने. येथे आवर्तन 16 सेकंदांचे. शेवटी पुन्हा 40च्या लयीत, या वेळी बोलांसह दोन आवर्तने. एकूण 143 सेकंद झाले. मधल्या विरामांसह चित्रफीत अडीच मिनिटांत बसते.

संथ पुनरावृत्तीसाठी आधीचेच चित्रीकरण यंत्राने हळू करू नये. तसे केल्यास टाळीचा नाद पसरट होतो आणि मात्रा नेमकी कोठे सुरू झाली, ते कळत नाही. पाठ नव्याने, संथ लयीत म्हणावा. मात्र संथ लयीत मोकळ्या जागेमुळे लय नकळत वाढते. घड्याळ लावून पाहावे : पहिल्या समेपासून दुसऱ्या आवर्तनाच्या शेवटच्या समेपर्यंत 48 सेकंद लागले पाहिजेत. 44च लागले, तर लय धावली आहे. पुन्हा चित्रीकरण करावे.

४. पारख
ताल न शिकलेल्या एका व्यक्तीला चित्रफीत दाखवा. नंतर चित्र झाकून फक्त बोल ऐकवा व हात धरायला सांगा. तिचा तळवा 'धा'वर उघडला आणि हात समेवर येऊन थांबला, तर संहिता साधली. तळवा 'तिं'वर उघडला, तर अंकांची आवर्तने दोनाऐवजी तीन करावीत.

सारांश
त्रितालाच्या पाठात अंक व हात आधी, बोल नंतर. आवर्तन सोळाव्या मात्रेवर न थांबवता समेवर पूर्ण करावे. संथ पुनरावृत्ती नव्याने म्हणावी व घड्याळाने तपासावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. त्रितालाच्या तेराव्या मात्रेवर हात व बोल यांत कोणता भेद दिसतो?
२. दोन आवर्तनांसाठी 33 मात्रा का म्हणाव्या लागतात?
३. सहा मात्रांच्या दादरा तालात (टाळी पहिलीवर, काल चौथीवर) मिनिटाला 40 मात्रांच्या लयीने एक आवर्तन किती सेकंदांचे होईल? त्यावरून एक मिनिटाची संहिता लिहा.