पॅकहाऊस सल्ला: घड साफ करण्याच्या कामाचा कागद असा तयार करा

द्राक्ष पॅकिंगला घड साफ करणाऱ्या टेबलावर आपण एवढंच सांगतो, "खराब मणी काढा." पण खराब म्हणजे कोणता? डागाचा मणी एक ताई काढते, दुसरी ठेवते. तडा गेलेला एक मणी जरी पनेटमध्ये गेला, तरी त्याचा रस शेजारच्या मण्यांना लागतो आणि प्रवासात तिथूनच कुज पसरते. म्हणून या एका कामाचा एक पानी कागद करा आणि टेबलासमोर लावा.

*१. कामाची हद्द*
"क्रेटमधून घड उचलल्यापासून साफ घड ट्रेमध्ये ठेवेपर्यंत." वजन आणि पनेट भरणे यात नको, त्याचा कागद वेगळा.

*२. कृती (प्रत्येक ओळीला एक फोटो)*
• घड देठाला धरा. मण्यांना हात लागला की लव पुसली जाते.
• घड फिरवून सगळ्या बाजूंनी बघा.
• खराब मणी त्याच्या देठाशी कात्रीने कापा. ओढू नका, रस सांडतो.
• साफ घड ट्रेमध्ये हलकेच ठेवा.

*३. पास की नापास*
"थोडा", "शक्यतो", "जास्त" हे शब्द लिहू नका.
❌ तडा गेलेला, मऊ किंवा ओला मणी: एक जरी दिसला तरी नापास.
❌ कात्रीचं टोक लागलेला मणी: एक जरी दिसला तरी नापास.
❌ लहान मणी: खरेदीदाराने सांगितलेल्या मापाच्या रिंगमधून (समजा १६ मिमी) आरपार गेला तर नापास.
डागाचं शब्दांत सांगता येत नाही. खरेदीदाराच्या माणसाला विचारून, चालेल असा सगळ्यात मोठा डाग ठरवा आणि त्याचा फोटो लावा. तेवढा किंवा लहान असेल तर पास, मोठा असेल तर नापास.
नापास घड पुन्हा साफ करून पुन्हा तपासायचा, हेही लिहा.

*४. फोटो काढताना*
काम करणाऱ्या ताईच्या खांद्यामागून काढा, म्हणजे तिला दिसतं तसंच फोटोत येतं. टेबलावर रोज असतो तोच उजेड ठेवा, फिल्टर नको. एका फोटोत एकच दोष, त्यावर गोल करा. शेजारी चांगल्या घडाचा फोटो लावा. नुसता लाल-हिरवा रंग देऊ नका, ✔ आणि ✖ खूणही करा. काहींना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

*५. लावण्याआधी परीक्षा*
१० घड घ्या, त्यांना नंबर द्या. कोणता पास, कोणता नापास ते आधी तुम्ही लिहून ठेवा. मग नवीन आलेल्या ताईला फक्त कागद द्या, तोंडी काही सांगू नका. समजा ४ आणि ७ नंबरला तिचं उत्तर वेगळं आलं आणि दोन्ही घड डागाचे निघाले, तर चूक तिची नाही, डागाचा फोटो स्पष्ट नाही. तो बदला आणि दुसऱ्या ताईकडून पुन्हा करून घ्या.

खरेदीदार बदलला की माप आणि डागाची हद्द बदलते. त्या दिवशी जुना कागद काढून टाका, नव्यावर तारीख टाका.

तयार कागदाचा फोटो मला पाठवा, पॅकिंग सुरू होण्याआधी बघून सांगतो.

– आपला कृषी सल्लागार