नमुन्यावर दुसऱ्याचा मार्का : एक प्रश्न आणि त्याचे उत्तर

प्रश्न : मिरजेत आमचा कापडी पिशव्या शिवून छापण्याचा धंदा आहे. साताऱ्याच्या एका मिठाईवाल्यासाठी आम्ही पिशव्या केल्या होत्या. आता सांगलीच्या एका हळद कंपनीकडे ऑर्डर मागायची आहे. जुन्या पिशवीच्या फोटोत मिठाईवाल्याचा मार्का पुसून तेथे हळद कंपनीचा मार्का बसवून दाखवला, तर ट्रेडमार्कच्या कायद्यात अडकू काय?

उत्तर : आम्ही वकील नाही, कापडाचे व्यापारी आहोत, परंतु हा प्रश्न आमच्याही धंद्यात नेहमी येतो. थोडक्यात सांगायचे, तर तो कागद फक्त हळद कंपनीच्या मालकालाच दाखवणार असाल तर भीतीचे फारसे कारण नाही. भीती पुढे सुरू होते.

कारण असे की, मार्का पाहून गिऱ्हाईक हा माल कोणाचा ते ओळखते. दुसऱ्याने तो लावून गिऱ्हाइकाची फसगत करू नये, हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचा मुख्य हेतू आहे. येथे चित्र पाहणारा स्वतःच मार्क्याचा मालक आहे. तो फसत नाही आणि बाजारात माल गेलेला नाही.

परंतु याच कायद्याचे कलम २९ पाहा. मालावर किंवा वेष्टनावर मार्का लावणे, तसा माल विक्रीस ठेवणे किंवा साठवणे, आणि धंद्याच्या कागदांवर किंवा जाहिरातीत मार्का वापरणे, हे सर्व 'वापर' या शब्दात येते. म्हणून तोच फोटो आपण दुकानात टांगला, व्हॉट्सअॅपवर सर्वांना पाठवला किंवा कोटेशनच्या कागदावर कायमचा छापला, तर पाहणाऱ्यास वाटेल की आपण हळद कंपनीचे नेमलेले पुरवठादार आहात. ऑर्डर मिळालेली नसताना हा समज पसरवणे म्हणजे तक्रारीला जागा देणे होय.

दुसरा माल, म्हणून चालेल, असेही समजू नये. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीमुळे किर्लोस्कर हे नाव आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयात या नावाचा खटला गाजला. नाव वापरणाऱ्यांचे आडनावही किर्लोस्कर होते, तरीही मनाईचा हुकूम कायम राहिला. नामांकित मार्क्याचे संरक्षण एकाच मालापुरते नसते.

आता कागदावरून कापडावर येऊ. मालकाने "एक पिशवी छापून आणा" म्हटले, तर ते लेखी घ्यावे. दोन ओळी पुरेत : "आमचा मार्का आपण नमुन्यासाठी दोन पिशव्यांवर छापावा. नमुने आमच्याकडे द्यावेत." तारीख, सही, शिक्का. पिशवीच्या आतील बाजूस "फक्त नमुना, विक्रीसाठी नाही" असे छापावे. तेवढ्याच दोन छापाव्यात, आणि ऑर्डर न आल्यास स्क्रीन धुऊन टाकावी व फिल्म फाडावी.

मध्ये दलाल असेल तर अधिक जपावे. आम्ही एकदा एका दलालाच्या तोंडी शब्दावर २०० पिशव्या छापल्या. नंतर कंपनी म्हणाली, असा माणूस आम्ही नेमलेलाच नाही. पक्क्या शाईचा छाप निघत नाही आणि मार्का असलेली पिशवी दुसऱ्यास विकता येत नाही. अखेर छापाची बाजू कापून उरलेल्या तुकड्यांची पोछणी केली. पैसे गेले, पण एवढ्यावर निभावले. कारण कलम २९ सांगते की, परवानगी नाही हे माहीत असून, किंवा तसे समजण्यास कारण असून, वेष्टनासाठी मार्का छापणाराही जबाबदार धरला जातो. खोटा मार्का लावल्याचा गुन्हा सिद्ध झाल्यास कलम १०३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मालकाची चिठ्ठी दाखवा म्हटल्यावर दलाल टाळाटाळ करू लागला, की समजावे.

राहिला मिठाईवाला. त्याचा मार्का पुसला, म्हणून त्याचा हक्क संपला असे नाही. पिशवीवरील वेलबुट्टी त्याने चित्रकाराकडून करून घेतली असेल, तर ती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात येऊ शकते. तीच वेलबुट्टी हळद कंपनीस दाखवू नये. फोटो दुसऱ्याने काढलेला असेल, तर त्यालाही विचारावे.

सर्वांत सोपा मार्ग असा. मांजरपाटाची कोरी पिशवी शिवून तिचा फोटो स्वतः काढावा, मार्क्याच्या जागी चौकट आखून "आपला मार्का येथे" असे लिहावे. शिलाई, कापड आणि शाई यांवरच मालक आपला हात ओळखतो. मार्का त्याचा आहे. तो कसा दिसेल हे पाहायचे असेल, तर तो स्वतःच काढून देईल, आणि ती परवानगी आपोआप आपल्या हाती येईल.